लोकरी ओव्हरकोटचं वर्णन लिहिताना: कामाच्या नोंदी

१४ जुलै

नौपाड्यातल्या एका टेलरिंगच्या दुकानासाठी हे काम घेतलंय. मास्टर पुरुषांचे लोकरी ओव्हरकोट शिवतात. ठाण्यात हा कोट कुणी घालणार नाही, पण गिऱ्हाईक मात्र ठाण्याचं, वाशीचं, खारघरचं. मुलगा सप्टेंबरच्या प्रवेशाला जर्मनीला किंवा आयर्लंडला चाललेला असतो आणि कोटाची चौकशी आई-वडील करतात. त्यातले पुष्कळजण आता दुकानात येतच नाहीत, ऑनलाइन मागवतात.

सध्याचं वर्णन असं: ‘प्रीमियम क्वालिटी वूलन कोट. आकर्षक डिझाइन, उबदार व आरामदायी. सर्व साइझमध्ये उपलब्ध.’ यातून कळतं एवढंच की कोट आहे. मास्टरांचा भाचा ऑर्डरचे फोन घेतो. त्याच्या वहीत लोक काय विचारतात ते बघितलं. स्वेटरवरून बसेल का, वजन किती, शुद्ध लोकर आहे का, आतलं अस्तर कसलं, ब्लेझरवर चालेल का. रंगाबद्दल जवळपास कुणी विचारलेलं नाही, आणि आपलं वर्णन ‘आकर्षक’पासून सुरू होतंय.

मास्टरांना विचारलं की तुम्ही कोटाबद्दल काय सांगाल. म्हणाले, “सांगायचं काय त्यात मॅडम? हात लावला की कळतं.” अडचण नेमकी तीच आहे. खारघरच्या माणसाला हात लावता येत नाही. तेव्हा हात लावल्यावर जे कळतं त्यातलं मोजता येईल तेवढं मोजायचं आणि ते लिहायचं, असं ठरवलंय.

१६ जुलै

कटपासून सुरुवात. ४० साइझचा नमुना कोट टेबलावर सपाट ठेवला, बटणं लावली, सुरकुत्या हातानं काढल्या. मुंढ्याच्या एक इंच खाली या बाजूपासून त्या बाजूपर्यंत २३ इंच, म्हणजे छातीचा घेर ४६. कंबरेला ४३. मागची उंची, कॉलरच्या शिवणीपासून, ३९. खांदा १८ आणि तीन चतुर्थांश.

आता खरी गोम. साइझ ४०, तर कोट ४६ का? कारण ४० हे अंगाचं माप आणि ४६ हे कपड्याचं. मधल्या सहा इंचांत शर्ट, जाड स्वेटर किंवा ब्लेझर आणि श्वास घ्यायची जागा बसते. शर्टाला चार इंच सैलपणा पुरतो, ओव्हरकोटाला पुरत नाही. साइटवर मात्र नुसतं ‘चेस्ट ४०’ लिहिलेलं होतं. लोक घरातला अंगाला बसणारा शर्ट मोजतात, तो निघतो ४४ चा, म्हणून ४४ साइझचा कोट मागवतात. तो येतो ५० इंचांचा आणि पोरगं त्यात हरवून जातं. परत आलेल्या कोटांच्या चिठ्ठ्या पाहिल्या तर ‘फार मोठा’ हीच तक्रार जास्त. कोट चांगले आहेत, तक्त्यानं घोळ घातलाय.

तक्त्यात आता दोन रकाने केले: ‘तुमच्या छातीचं माप, बनियनवरून’ आणि ‘कोटाचं माप’. दुसरा रकाना काढून टाकू, लोक गोंधळतील, असं भाच्याचं म्हणणं. मी ठेवला. ज्याच्याकडे जुना कोट आहे तो तोच मोजून ताडून बघणार.

१९ जुलै

‘स्लिम फिट’ हे शब्द काढले. मास्टरांच्या लेखी याचा अर्थ कंबरेत थोडा आत घेतलेला. घेणाऱ्याच्या लेखी अर्थ घट्ट, म्हणजे पुन्हा एक साइझ मोठा मागवा. एकाच शब्दाचे दुकानात आणि घरात वेगळे परिणाम होत असतील तर तो शब्द कामाचा नाही. त्याऐवजी: ‘खांद्यावर नेमका, कंबरेला तीन इंच आत, तिथून खाली सरळ.’ छाती ४६, कंबर ४३, म्हणून तीन. हे कुणालाही टेपनं पडताळता येतं.

उंचीचं वाक्य लिहायला वेळ गेला. ‘गुडघ्यापर्यंत’ कुणाच्या? ३९ इंचांचा कोट पाच फूट आठ इंचांच्या माणसाच्या गुडघ्याच्या किंचित वर थांबतो. तोच पाच फूट चार इंचांच्या माणसावर गुडघ्याखाली उतरतो आणि माणूस आणखी बुटका दिसतो. दुकानात काम करणाऱ्या दोघांच्या अंगावर घालून पाहिलं, अंदाज बरोबर निघाला. मास्टर म्हणाले, उंची दोन इंच कमी करून देता येईल, पण त्यापुढे नाही. मागची चीर खालपासून १६ इंच वर जाते. खालून जास्त कापलं तर चीर आखूड पडते आणि बसताना कोट मांड्यांवर ताणतो. खिसेही उगाच खाली सरकल्यासारखे दिसतात. हे सगळं वर्णनात गेलं, कारण ‘उंची कमी करून मिळेल का’ हा प्रश्न वहीत वारंवार आहे.

मुंढ्याबद्दल मास्टर उत्साहात बोलले. मुंढा वर, काखेच्या जवळ कापलेला असेल तर हात उचलल्यावर फक्त बाही हलते. तो खोल असेल तर अख्खा कोट वर ओढला जातो. लोकांना ऐकायला उलटं वाटतं, कारण खोल मुंढा मोकळा असेल असा समज आहे. भाच्याला कोट घालायला लावून हात वर करायला सांगितला, जसा ट्राममध्ये वरची दांडी धरताना होईल. खालची कड दीड इंच उचलली गेली. मग मास्टरांचाच एक जुना, खोल मुंढ्याचा कोट घालून तेच केलं. तो चार इंचांच्या आसपास वर गेला. वर्णनात ‘मुंढा वर घेतलेला’ एवढंच लिहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. दीड इंच लिहिल्यावर कळतं.

२३ जुलै

वजन. आज खारघरच्या एका बाईंचा फोन आला होता, चिडलेल्या. “चार किलोचा कोट? अहो, पोराला तेवीस किलो सामान न्यायचंय, त्यात चार किलो कोटच?” चार किलो आलं कुठून हे शोधलं. भाच्यानं साइटवरच्या वजनाच्या जागेत कुरिअरचं वजन भरलं होतं. कुरिअरवाले मोठ्या पण हलक्या खोक्याचं वजन आकारावरून काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नं भागायचं. आपलं खोकं ४५ गुणिले ३५ गुणिले १२, म्हणजे १८,९००. भागिले ५००० म्हणजे ३.७८, आणि तो आकडा वर नेऊन ४. हे भाड्यापुरतं वजन. कोटाशी त्याचा संबंध नाही.

मग कोटाचं खरं वजन किती? साइटवर दुसरीकडे ‘५६० जीएसएम’ लिहिलंय. तेही लोकांना कोटाचं वजन वाटतं, म्हणजे अर्धा किलो. एका पानावर एक आकडा चार किलो सांगतो आणि दुसरा अर्धा किलो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. त्यावरून कोटाचं वजन काढायचं तर हिशेब असा.

४० साइझला दीड मीटर पन्ह्याचं कापड २.६ मीटर लागतं. म्हणजे ३.९ चौरस मीटर. गुणिले ५६० ग्रॅम म्हणजे सुमारे २.१८ किलो. त्यातून कात्रण जातं. मास्टरांनी एका कोटाचं कात्रण पिशवीत ठेवलेलंच होतं, ते ४८० ग्रॅम भरलं. राहिलं १.७ किलो. त्यात अस्तराचे साधारण २६० ग्रॅम आणि बक्रम, खांद्याचे पॅड, बटणं मिळून १७० ग्रॅम. बेरीज २.१३ किलो.

कोट काट्यावर ठेवला तर २.१६. जुळतंय.

२६ जुलै

पुरतं जुळत नव्हतं. फोटोंसाठी कोट वागळे इस्टेटमधल्या स्टुडिओत गेला होता, तिथे दोन रात्री एसीच्या खोलीत टांगलेला. तिथल्या काट्यावर २.०७ भरला. पहिल्यांदा काट्यावर संशय आला, म्हणून एक किलोची साखरेची सीलबंद पिशवी दोन्हीकडे ठेवून बघितली. दोन्ही काटे सारखेच दाखवत होते.

हा नव्वद ग्रॅमचा फरक पाण्याचा. लोकर हवेतला दमटपणा ओढून घेते. स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. जुलैत नौपाड्यात दार उघडं ठेवून टांगलेला कोट म्हणजे दमट कोट. व्हिस्कोसचं अस्तरही तसंच वागतं. पॉलिस्टर जवळपास काहीच शोषत नाही, त्यामुळे नुसत्या पॉलिस्टरच्या जॅकेटला हा प्रश्न येत नाही. कोणी पावसाळ्यात वजन करून ग्रॅमपर्यंत आकडा छापणार असेल तर त्यानं हे लक्षात ठेवावं. मी ‘सुमारे २.१ किलो’ लिहिलं आणि पुढे ‘४० साइझ’ जोडलं. ३६ आणि ४४ चे कोटही स्टुडिओतच तोलले: १.९ आणि २.३. हे तिन्ही आकडे वर्णनात आहेत, मधल्या साइझचे नाहीत.

वजनाचा आकडा एकटा सोडला तर वाचणारा त्याचा हवा तो अर्थ लावतो. काहींना जड म्हणजे उबदार वाटतं. ते नेहमी खरं नसतं. ऊब अडकून राहिलेल्या हवेतून येते, आणि वारा ती हवा पळवून लावतो. हे कापड मेल्टन आहे. विणल्यावर ते ओलं करून रगडून आटवतात, मग वरची लव उठवून छाटतात. त्यामुळे विणीची जाळी झाकली जाते आणि वारा आत शिरत नाही. दोन किलोंचं सैल विणीचं कापड वाऱ्यात याच्यापुढे टिकणार नाही. पण मर्यादाही आहे. आत स्वेटर असेल तर शून्याच्या आसपासच्या थंडीत हा कोट पुरतो. उणे दहा-पंधरात तासभर बाहेर उभं राहायचं असेल तर पिसांचं जॅकेट लागतं. मास्टरांना हे वाक्य नको होतं. “गिऱ्हाईक कशाला घालवायचं?” मी म्हटलं, कॅनडाला जाणारा हे वाचून घेणार नाही, पण घेऊन तिथे कुडकुडला तर घरच्यांसकट सगळ्यांना सांगेल. वाक्य राहिलं.

त्याच दिवशी ‘शुद्ध लोकर’चाही निकाल लावला. दुकानात सगळे ‘प्युअर वूल’च म्हणतात. गिरणीचं बिल मागितलं: ८० टक्के लोकर, २० टक्के नायलॉन. कोपरा आणि बाहीची कड लवकर झिजू नये म्हणून नायलॉन घालतात, आणि कापड स्वस्तही पडतं. यात लपवण्यासारखं काही नाही. कात्रणाचा धागा जाळून बघायचा सल्ला एकानं दिला. जळक्या केसांचा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर, वितळून कडक गोळी झाली तर कृत्रिम धागा. मिश्रणात दोन्ही होतं, टक्के कळत नाहीत. बिलातला आकडा घेतला.

३० जुलै

अस्तर. माझ्या मसुद्यात ‘रेशमी अस्तर’ होतं. अस्तर व्हिस्कोस ट्विलचं आहे, रेशमाचं नाही. ‘रेशमी’ हा शब्द मऊपणासाठी वापरला तरी पैसे देणारा तो कापडाच्या नावासारखाच वाचणार. काढला.

लोकांना वाटतं, पूर्ण अस्तर म्हणजे जास्त ऊब. पातळ अस्तरानं ऊब फारशी वाढत नाही. त्याची कामं वेगळी. स्वेटरवरून कोट चढवताना तो अडकू नये, आणि आतल्या शिवणी झिजू नयेत. बाहीत मास्टर वेगळं, जास्त गुळगुळीत सॅटिन लावतात, कारण लोकरीचा स्वेटर बाहीतच सगळ्यात जास्त अडकतो. अंगात व्हिस्कोस का? पॉलिस्टर स्वस्त पडलं असतं. पण थंड देशात हीटर लावलेल्या खोलीतली हवा फार कोरडी असते, तिथे लोकर आणि पॉलिस्टर एकमेकांवर घासून कोट काढताना विजेचे बारीक चटके बसतात. व्हिस्कोसला हा त्रास कमी. ठाण्यात हे कधीच कळणार नाही, इथे हवेतच पाणी आहे.

पाठीत अस्तराला मधोमध एक इंचाची चुणी आहे. हात पुढे घेतले की ती उघडते. ती नसेल तर अस्तर मुंढ्यापाशी उसवतं. खालची कड कापडाला शिवून टाकलेली नाही, मोकळी आहे, फक्त दोन्ही बाजूंना दोऱ्याच्या साखळीनं अडकवलेली. कोट वापरून लोकरीचं कापड जरा उतरतं आणि वाफेनं अस्तर जरा आटतं. दोन्ही एकत्र शिवलेले असतील तर खालची कड आत ओढली जाऊन फुगते. हे वर्णनात लिहिलं नाही तर काय होतं तेही वहीत सापडलं: एकानं ‘अस्तर खालून शिवायचं राहिलंय’ म्हणून कोट परत पाठवला होता. त्यानं पाहिलं ते बरोबरच होतं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

फोटो पुन्हा काढावे लागले, ४,५०० रुपये. पहिल्या फोटोंत कोट बंद बटणांचाच होता, अस्तर दिसतच नव्हतं. आता एक फोटो पाठीतल्या चुणीचा, एक खालच्या मोकळ्या कडेचा, आणि एक आतल्या खिशात पासपोर्ट अर्धा घातलेला. खिसा सहा इंच रुंद, सात खोल. पासपोर्ट साडेबारा सेंटिमीटरचा, म्हणजे पाच इंचांहून थोडा कमी. पूर्ण आत जातो.

४ ऑगस्ट

कशावर घालावा. आधीच्या मसुद्यातलं टर्टलनेक आणि चामड्याचे बूट हे परदेशी फोटोंवरून आलेलं होतं. आपल्या गिऱ्हाइकाच्या बॅगेत एक ब्लेझर असतो, बहुधा बहिणीच्या लग्नात शिवलेला, दोन जाड स्वेटर, जीन्स, एक हुडी आणि एक कुर्ता. तेच घालून पाहिलं.

ब्लेझर ३० इंचांचा, कोट ३९ चा, झाकला जातो. खांद्यावर ओढ येत नाही. हुडी वाईट दिसते. टोपी कॉलरखाली गोळा होते आणि कॉलर मानेपासून सुटते. टोपी बाहेर काढली तर लॅपल उलटे फिरतात. कुर्ता ४२ इंचांचा, कोटाखाली तीन इंच दिसतो. कुणाला ते आवडेल, कुणाला नाही, पण तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला जाणाऱ्याला आधी माहीत असावं. सगळ्यात वरचं बटण लावलं तरी लॅपलमुळे गळा उघडाच राहतो. म्हणून मफलर शोभेसाठी नाही, तो लागतोच. पाठीवरच्या बॅगेचे पट्टे खांद्यावरची लव घासतात, तिथे गोळ्या येतात. विद्यार्थी बॅग घालणारच. म्हणून ‘हातातली बॅग वापरा’ असला उपदेश न करता, गोळ्या आल्या तर ब्रशनं कशा काढायच्या ते एका ओळीत लिहिलं.

९ ऑगस्ट

अंतिम मजकूर हा. कुणाला असंच काम करायचं असेल तर साचा घ्या, आकडे आपले मोजा.

‘पुरुषांचा लोकरी ओव्हरकोट, गडद राखाडी, एकेरी पट्टीचा, तीन बटणं. कापड मेल्टन, ८०% लोकर, २०% नायलॉन.

कट: खांद्यावर नेमका, कंबरेला तीन इंच आत, खाली सरळ. मुंढा काखेजवळ कापलेला, त्यामुळे हात वर केला तरी कोट दीड इंचच उचलला जातो. मागे १६ इंचांची चीर. उंची ३९ इंच: पाच फूट आठ इंचांच्या माणसाला गुडघ्याच्या किंचित वर, पाच फूट चारला गुडघ्याखाली. दोन इंचांपर्यंत कमी करून मिळेल. साइझ निवडताना छाती बनियनवरून मोजा. स्वेटरची जागा आम्ही धरलेली आहे, मोठा साइझ घेऊ नका.

अस्तर: अंगात व्हिस्कोस, बाहीत सॅटिन. पाठीतली चुणी आणि खालची मोकळी कड मुद्दाम ठेवलेली आहे. आत पासपोर्ट मावेल असा खिसा.

वजन: ३६ साइझ सुमारे १.९ किलो, ४० साइझ २.१, ४४ साइझ २.३. वारा अडवतो. आत स्वेटर घालून शून्याच्या आसपासच्या थंडीत पुरतो, उणे दहाच्या खाली पुरत नाही. रिमझिम झेलतो, मुसळधार पावसासाठी नाही. प्रवासात बॅगेत न घालता अंगावर घ्या.

कशावर घालाल: शर्ट-स्वेटर, ब्लेझर, जीन्स. गळा उघडा राहतो, मफलर लागेल. टोपीच्या हुडीवर नीट बसत नाही. लांब कुर्ता खालून दिसेल. खांद्यावर गोळ्या आल्या तर कपड्याच्या ब्रशनं लवेच्या दिशेनं, वरून खाली झाडा.’

खाली बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किंमत आणि ‘भारतात बनवलेला’ हे वेगळ्या ओळीत. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्रीच्या पानावर ही माहिती द्यावी लागते, आणि जुन्या पानावर अर्धीच होती. वूलमार्क हे लोकरीच्या दर्जाचं चिन्ह भाच्याला टाकायचं होतं. परवाना नसताना ते टाकता येत नाही, कापडात लोकर कितीही असो.

२१ ऑगस्ट

पान बदलल्यावर वजनाचे फोन थांबले. साइझचे कमी झाले, पण येतात. ‘बनियनवरून’ लिहूनही लोक शर्ट मोजतात. तक्त्याच्या वर टेप कुठे धरायची त्याचा फोटो टाकला.

एक नवी गोष्ट कळली. डब्लिनहून एकाच्या वडिलांनी फोटो पाठवला: मुलगा कोट घालून उभा आणि मागची चीर खाली फुलीच्या कच्च्या टाक्यानं शिवलेली, तशीच. कोट घडी करताना चीर उघडू नये म्हणून मास्टर तो टाका घालतात, घालणाऱ्यानं तो कापायचा असतो. मुलगा तसाच आखडून चालत होता आणि कोट मांड्यांत घट्ट आहे अशी तक्रार. आता वर्णनाच्या शेवटी एक ओळ वाढवलीय, ‘मागच्या चिरेवरचा फुलीचा टाका कापून काढा’, आणि तीच ओळ चिठ्ठीवर छापून मास्टर प्रत्येक कोटाच्या खिशात टाकतात.

बाकी राहिलंय ते ३८ आणि ४२ चं वजन. डिसेंबरात हवा कोरडी झाली की सगळेच कोट पुन्हा तोलायचे आहेत.